एक कंपनी, दोन पेढ्या आणि मधली रेषा

व्यापारात प्रतिस्पर्धी कंपनीशी झालेले भांडण सहज पचते. पचत नाही ते आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरशी झालेले भांडण. दोघांच्या दुकानावर एकच फलक असतो, दोघांच्या गोदामात एकच खोकी असतात आणि पुष्कळदा दोघे एकाच समाजातले, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जाणारे असतात. त्यामुळे ‘माझ्या हद्दीत येऊन माल विकला’ ही तक्रार केवळ हिशेबाची राहत नाही, ती मानापमानाची होते. मग मध्ये पडलेली कंपनी कोणाला तरी समज देते, कोणाची तरी क्रेडिट नोट अडवते आणि वाद मिटला असे समजते. वास्तविक तो मिटलेला नसतो. पुढच्या मार्चअखेरीस तो पुन्हा उभा राहतो.

अशा वादांची जमीन मीरा-भाईंदरसारख्या शहरात मुळातच तयार असते. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला दहिसर, मधून पश्चिम रेल्वेचा मार्ग आणि पूर्वेला काशीमीऱ्याजवळून जाणारा महामार्ग, एवढ्या पट्ट्यात हे शहर वाढले. पूर्वी भाईंदर आणि मीरा रोड ही दोन स्थानके म्हणजे दोन वेगळी गावे होती. आज गोल्डन नेस्टच्या चौकात उभे राहिलेल्या माणसाला भाईंदर पूर्व कोठे संपते आणि मीरा रोड कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. कंपन्यांची जुनी नियुक्तिपत्रे मात्र त्या दोन गावांच्या काळातली असतात. ‘भाईंदर व परिसर’ या तीन शब्दांवर एखादी पेढी पंचवीस वर्षे व्यवसाय करीत असते.

या वादाची नाडी समजण्यासाठी एक नमुन्याचा प्रसंग पुरेसा आहे. त्यातील पेढ्या आणि आकडे उदाहरणासाठी योजलेले आहेत. पण या बाजारात बसणाऱ्याला ते परके वाटणार नाहीत.

नळ आणि स्नानगृहाचे साहित्य बनविणारी एक कंपनी आहे. भाईंदर पश्चिमेच्या पेढीला तिने १९९८ साली ‘भाईंदर व परिसर’ असे पत्र दिले. शहर वाढले, तेव्हा २०१६ साली मीरा रोडच्या एका तरुण व्यापाऱ्याला ‘मीरा रोड पूर्व व काशीमीरा’ या क्षेत्रासाठी नेमले. काशीमीऱ्याला एका गृहसंकुलाचे काम निघाले. मीरा रोडच्या पेढीचा विक्रेता पाच महिने त्या साइटवर जात होता. त्याने वास्तुविशारदाला भेटून कंपनीचे मॉडेल मंजूर करून घेतले आणि नमुना स्नानगृहासाठी १८ हजारांचा माल स्वखर्चाने बसवून दिला. पेढीने कंपनीकडून १२ लाखांना पडणाऱ्या मालाचा भाव सहा टक्के नफा धरून १२ लाख ७२ हजार असा दिला. ऑर्डर येणारच या भरवशावर त्यातला ८ लाखांचा माल गोदामात आणूनही ठेवला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळले की बिल्डरने तोच माल भाईंदरच्या पेढीकडून ११ लाख ४० हजारांना, म्हणजे खरेदीच्या भावापेक्षाही पाच टक्के कमी दराने घेतला. बिल्डरचे कार्यालय भाईंदर पश्चिमेला होते आणि त्या पेढीशी त्याचा वीस वर्षांचा व्यवहार होता.

मीरा रोडच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सरळ घुसखोरी होती. भाईंदरच्या शेठजींच्या दृष्टीने त्यांचा जुना ग्राहक त्यांच्याच दुकानात आला होता आणि काशीमीरा तर त्यांच्या ‘परिसरात’ पहिल्यापासून होते. दोघेही खोटे बोलत नव्हते. अशा वादात लबाड कोण हे शोधू लागले की हाती काही लागत नाही, कारण पुष्कळदा लबाड कोणीच नसतो.

येथे विचारण्याजोगा पहिला प्रश्न वेगळाच आहे. तोटा सोसून माल विकणे त्या जुन्या, सावध पेढीला परवडले कसे? त्याचे उत्तर कंपनीच्याच वार्षिक उलाढाल योजनेत होते. वर्षभरात अडीच कोटींपेक्षा कमी खरेदी झाली तर दोन टक्के आणि अडीच कोटी पूर्ण झाले की संपूर्ण खरेदीवर चार टक्के, अशी ती योजना होती. मार्चच्या मध्यावर भाईंदरची खरेदी २ कोटी ३८ लाख होती. तेथेच वर्ष संपले असते तर दोन टक्क्यांनी ४ लाख ७६ हजार मिळाले असते. आणखी १२ लाखांचा माल उचलताच खरेदी अडीच कोटी झाली आणि मिळणारी रक्कम १० लाख झाली. म्हणजे शेवटच्या १२ लाखांच्या मालाने ५ लाख २४ हजार रुपये जास्तीचे आणले. त्यासाठी ६० हजारांचा तोटा सोसला तरी ४ लाख ६४ हजार शिल्लक राहतात. कोणताही हिशेबी व्यापारी हेच करील.

आता तीच योजना थोडी बदलून पाहावी. चार टक्के दर संपूर्ण खरेदीला न लावता केवळ अडीच कोटींवरच्या भागाला लावला, तर त्या १२ लाखांवर दोन टक्क्यांनी फक्त २४ हजार मिळाले असते. साठ हजार घालवून चोवीस हजार मिळविण्यासाठी कोणी दुसऱ्याच्या हद्दीत शिरत नाही. दोन पेढ्यांच्या वादाचे मूळ नकाशावरच्या रेषेत शोधले जाते. ते अनेकदा योजनेच्या कागदात असते. म्हणून मध्यस्थीला बसणाऱ्या कंपनीने आधी स्वतःचा हात तपासावा. ती या प्रसंगात पंच आहे, तशीच पक्षकारही आहे. तिने टप्पा ठेवला, तिने नवा डीलर नेमला आणि नेमताना जुन्या डीलरच्या पत्रातला ‘परिसर’ हा शब्द मात्र तसाच राहू दिला. त्या गोंधळाने तिची एकूण विक्री वाढलीच होती.

हे दुखणे आधी ओळखण्याच्या खुणाही आहेत आणि त्या बहुतेक कंपनीच्याच दप्तरात सापडतात. एखाद्या डीलरची खरेदी तिमाहीच्या शेवटच्या दहा दिवसांत एकदम उसळते आणि पुढच्या महिन्यात कोसळते. प्लंबरसाठी खोक्यात ठेवलेली कूपने एका डीलरला दिलेल्या मालाची असतात, पण वटविली जातात दुसऱ्याच्या भागात. वॉरंटीच्या नोंदीतले पत्ते बिलाच्या गावाशी जुळत नाहीत. या तीन गोष्टी दर तिमाहीला शांतपणे पाहिल्या, तर तक्रार येण्यापूर्वीच बोलणे करता येते.

तक्रार आल्यावर पहिल्या आठवड्यात काय होते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. सर्वसामान्यपणे चूक होते ती अशी की विभागाचा विक्री व्यवस्थापकच न्याय करायला बसतो. पण त्याचे स्वतःचे वार्षिक लक्ष्य त्याच १२ लाखांनी पूर्ण झालेले असते. तो निःपक्ष असला तरी मीरा रोडच्या व्यापाऱ्याला तो तसा वाटणार नाही. हे काम दुसऱ्या विभागातील अधिकाऱ्याकडे किंवा हिशेब विभागातील ज्येष्ठाकडे द्यावे. दोन्ही पेढ्यांचा नेहमीचा माल सुरू ठेवावा. पुरवठा रोखण्याची धमकी एकदा दिली की पुढचे बोलणे दबावाखाली होते आणि दबावाखाली झालेला समझोता टिकत नाही. वादग्रस्त असेल तेवढीच रक्कम बाजूला ठेवावी; येथे ती ५ लाख २४ हजार एवढीच आहे. उरलेले ४ लाख ७६ हजार भाईंदरच्या पेढीला ठरल्या दिवशी मिळाले पाहिजेत, कारण त्याविषयी वादच नाही.

त्यानंतर दोघांचे म्हणणे आधी वेगवेगळे ऐकावे. एकत्र बसविण्याची घाई झाली की दोघेही एकमेकांना ऐकविण्यासाठी बोलतात. वेगळ्या बैठकीत शेठजी कदाचित म्हणतील, ‘मला नवे पत्र कोणी दिलेच नाही.’ मीरा रोडचा तरुण कदाचित म्हणेल, ‘मला पैशापेक्षा गोदामातल्या मालाची चिंता आहे.’ समोरासमोर ही दोन्ही वाक्ये बाहेर पडली नसती आणि वादाची उकल तर याच दोन वाक्यांत आहे.

ऐकून झाले की कागद पाहावेत. दोन्ही नियुक्तिपत्रे, योजनेचे परिपत्रक, दिलेले भाव, साइट-भेटींच्या नोंदी आणि बिले. जीएसटीच्या बिलावर ग्राहकाचा पत्ता आणि माल उतरविण्याचा पत्ता वेगवेगळे असू शकतात. या वादात दुसरा पत्ता महत्त्वाचा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांहून अधिक किमतीचा माल हलविताना ई-वे बिल लागते आणि त्यातही माल कोठे गेला ते लिहिलेले असते. साडेअकरा लाखांच्या आसपासची ऑर्डर लाखाच्या आतल्या डझनभर बिलांत तुकडे करून गेलेली दिसली, तर कोणाला तरी ती झाकायची होती, असा संशय घेण्यास जागा आहे. एका बिलात आणि उघड पत्त्यावर गेली असेल, तर विकणाऱ्याला आपण काही वावगे करतो असे वाटत नव्हते, हे मानायला हवे. नमुन्याच्या प्रसंगात बिल एकच होते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. एका पेढीचे भाव, ग्राहकांची यादी किंवा उधारी दुसऱ्या पेढीला दाखवू नये. पंचाने पाहणे वेगळे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणे वेगळे.

निवाडा करताना तीन गोष्टी वेगळ्या धराव्यात. मागणी कोणी निर्माण केली, माल कोठे बसला आणि पुढची सेवा कोण देणार. काउंटरवर स्वतः चालत आलेले गिऱ्हाईक कोठूनही आलेले असो, त्याला माल देणे ही घुसखोरी नव्हे. विक्रेता पाठवून दुसऱ्याच्या भागात ऑर्डर मागणे ही घुसखोरी होय. साइटची ऑर्डर या दोन्हींच्या मधली असते. बिल्डर शेठजींकडे स्वतः आला हे खरे. पण कोणते मॉडेल हवे हे त्याला ठाऊक होते ते दुसऱ्याच्या पाच महिन्यांच्या श्रमामुळे, हेही तितकेच खरे. एकाने नांगरले आणि दुसऱ्याने कापले, तर कापणाऱ्याने चोरी केली असे नेहमीच होत नाही. पण नांगरणाऱ्याची मजुरी बुडता कामा नये.

या प्रसंगात न्याय्य तोडगा कसा दिसेल? बिल्डरशी झालेला व्यवहार मोडू नये. तो तिसरा पक्ष आहे आणि त्याचा काही दोष नाही. भाईंदरच्या पेढीची ५ लाख २४ हजारांची रक्कम पूर्ण द्यावी. हे मीरा रोडला कडू वाटेल. पण क्षेत्राबाहेरची विक्री टप्प्यात धरली जाणार नाही, असे योजनेच्या परिपत्रकात कोठेही लिहिलेले नव्हते आणि ‘परिसर’ हा शब्द कंपनीनेच राखला होता. जो नियम आधी सांगितला नाही, त्याची शिक्षा नंतर देता येत नाही. परिपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले असते, तर याच १२ लाखांचा निर्णय उलट लागला असता आणि तेव्हा तो शेठजींनाही मानावा लागला असता.

मीरा रोडच्या पेढीला नमुना स्नानगृहाचे १८ हजार पूर्ण आणि अपेक्षित ७२ हजारांच्या नफ्यापैकी निम्मे म्हणजे ३६ हजार, असे ५४ हजार कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यावेत. निम्मेच का? कारण ऑर्डर त्याच पेढीला मिळाली असती याची खात्री नव्हती आणि माल पोहोचविणे, उधारी सांभाळणे हे पुढचे श्रम तिने केलेले नाहीत. ही रक्कम क्रेडिट नोटने द्यायची की सेवेच्या बिलावर, हे दोन्हीकडच्या चार्टर्ड अकाउंटंटनी आधी ठरवावे. नाही तर एक वाद मिटताना कराचा दुसरा वाद सुरू होतो.

पण त्या ५४ हजारांहून मोठी मदत वेगळीच आहे आणि ती बँकेच्या खिडकीतून पाहिले तरच दिसते. मीरा रोडच्या गोदामात ८ लाखांचा माल पडून आहे. पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा मालाच्या तारणावर चालते. पंचवीस टक्के मार्जिन धरले तर त्या मालावर ६ लाख उचलता येतात. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो माल हलत नाही असे दिसू लागले आणि ठरावीक मुदतीनंतर, अनेक ठिकाणी नव्वद दिवसांनंतर, बँकेने तो जुना माल म्हणून वगळला, की ते ६ लाख ड्रॉइंग पॉवरमधून एकदम कमी होतात. तेवढ्याने पेढीचे खाते मर्यादेबाहेर जाते, दुसऱ्या मालाचे चेक अडतात आणि नफ्याच्या ७२ हजारांपेक्षा कितीतरी मोठी पत गमावली जाते. नुकसान झाले आहे हे व्यापाऱ्याला जाणवते. पण ते नेमके कोठे झाले हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तो ‘माझी हद्द, माझी हद्द’ असे म्हणत राहतो. कंपनीने ती न फोडलेली खोकी खरेदीच्या भावाने परत घेतली, तर कंपनीला फक्त वाहतुकीचा खर्च येतो, कारण तोच माल तिला दुसरीकडे विकता येतो. पेढीचा श्वास मात्र मोकळा होतो. हे महिन्याच्या आत झाले पाहिजे. सहा महिन्यांनी दिलेल्या न्यायाचा बँकेच्या खात्याला उपयोग नसतो.

झालेल्याचा हिशेब संपला की पुढची रेषा आखावी. ‘परिसर’ आणि ‘लगतचा भाग’ हे शब्द दोन्ही पत्रांतून काढून टाकावेत. पिनकोड हा एक सोयीचा आधार आहे: भाईंदर पश्चिम ४०११०१, भाईंदर पूर्व ४०११०५, मीरा रोड ४०११०७. पण पिनकोड टपालाच्या सोयीने ठरलेले असतात. म्हणून जेथे शंका येते तेथे रेल्वेमार्ग किंवा रस्त्याची नेमकी बाजू लिहावी आणि नकाशावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. साइटच्या ऑर्डरसाठी नोंदणीची पद्धत ठेवावी. साइटचा पत्ता, वास्तुविशारद आणि अंदाजे माल लिहून जो प्रथम नोंद करील, त्याला नव्वद दिवस ती साइट मिळावी. भेटींची प्रगती दाखविली तर आणखी नव्वद दिवस. प्रगती दाखविण्याची अट नसेल, तर एखादा चतुर विक्रेता एका रविवारी शहरातल्या सगळ्या खोदलेल्या पायांची नोंदणी करून मोकळा होतो. दुसऱ्या डीलरच्या जुन्या ग्राहकाने त्या साइटसाठी त्याच्याकडेच आग्रह धरला, तर विक्री त्याने करावी. पण मागणी तयार करणाऱ्याला आधीच ठरलेला सेवा-मोबदला मिळावा. हा मोबदला किती, हे वाद होण्यापूर्वी ठरलेले असले की वाद होतच नाही.

येथे कंपनीने स्वतःला आवरण्याची जागा येते. वाद मिटविण्याच्या भरात ‘यापुढे कोणी अमुक भावाखाली विकायचे नाही’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीचा भाव बांधून देणे आणि विशिष्ट क्षेत्रापुरते वितरण देणे या दोन्हींचा उल्लेख आहे. ती मुळातच निषिद्ध नाहीत. पण बाजारातल्या स्पर्धेला लक्षणीय धक्का बसला तर ती बेकायदा ठरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला, तो डीलरने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सूट देऊ नये या धोरणाबद्दल. कोणता डीलर जास्त सूट देतो हे पाहण्यासाठी खोटे ग्राहक पाठविले जात, असे आयोगाला आढळले. त्या प्रकरणाची सुरुवात मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागातील एका डीलरच्या म्हणविल्या गेलेल्या निनावी ई-मेलने झाली होती. कंपनीने त्या निर्णयाविरुद्ध अपील केले. पण कोणत्याही उत्पादकाला सावध होण्यास हे प्रकरण पुरेसे आहे. दोन डीलरांच्या भांडणाची औषधयोजना म्हणून भाव बांधणे हे रोगापेक्षा महाग पडू शकते.

युरोपात हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी न्यायालयापुढे आला होता. ग्रुंडिग या जर्मन रेडिओ कंपनीने फ्रान्ससाठी कॉन्स्टेन या एकाच पेढीला नेमले होते. दुसऱ्या एका फ्रेंच व्यापाऱ्याने जर्मनीतल्या डीलरांकडून ग्रुंडिगचाच माल आणून फ्रान्समध्ये स्वस्त विकला. कॉन्स्टेनने त्याच्यावर दावा लावला. १९६६ साली युरोपीय न्यायालयाच्या निर्णयात क्षेत्रापुरती नियुक्ती सर्वस्वी नाकारली गेली नाही. पण दुसऱ्या कोणाचाही माल सीमेच्या आत येऊच नये अशी संपूर्ण तटबंदी मान्य झाली नाही. त्यातला विवेक भाईंदरलाही लागू पडतो. दुसऱ्याच्या भागात विक्रेता पाठवू नका, असे डीलरला सांगता येते. आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवा, असे सांगणे टाळावे.

आणखी एक सावधगिरी खास आपल्या पेढ्यांसाठी आहे. कंपनी लक्ष देत नाही म्हणून समाजातील एखादे ज्येष्ठ दोघांना बसवितात आणि ‘रेल्वेच्या पलीकडे तुम्ही, अलीकडे हे’ अशी वाटणी करून देतात. हेतू शुद्ध असतो. परंतु एकाच पातळीवरच्या दोन व्यापाऱ्यांनी आपसांत बाजार वाटून घेणे, हे त्याच कायद्याच्या कलम ३(३) मध्ये येते आणि तेथे स्पर्धेला बाधा होते असे गृहीतच धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यापाऱ्यांवर पडतो. उत्पादकाने आखलेली रेषा आणि दोन डीलरांनी आपसांत आखलेली रेषा नकाशावर सारखीच दिसली, तरी कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्येष्ठांनी मने जुळवावीत, गैरसमज दूर करावेत, अबोला संपवावा. रेषा आणि मोबदला मात्र कंपनीच्या पत्रातूनच आला पाहिजे.

आणि कंपनीच ऐकत नसेल तर? मग तिच्याशी असलेला वाद हा वितरण कराराचा, म्हणजे व्यापारी वाद ठरतो. तीन लाख रुपये किंवा अधिक मूल्याचा असा वाद वाणिज्यिक न्यायालय कायदा २०१५ च्या कक्षेत येतो. त्याच्या कलम १२अ प्रमाणे, तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल, तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थीला जावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी सक्तीची असल्याचे स्पष्ट केले. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो आणि तेथे झालेल्या लेखी समझोत्याला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते. नमुन्याच्या प्रसंगात ५४ हजारांसाठी ती वाट खुली नाही, ५ लाख २४ हजारांसाठी आहे. दोन्ही पक्षांना हा फरक आधी ठाऊक असला, तर पहिल्याच बैठकीत बोलण्याचा सूर बदलतो.

हा सारा खटाटोप झाल्यावर भाईंदरच्या पेढीकडे तिची ठरलेली रक्कम असेल आणि मीरा रोडच्या गोदामात मोकळी जागा. कंपनीच्या दप्तरात तीन कागद नवे असतील: सह्या असलेला नकाशा, साइट-नोंदणीचे पुस्तक आणि टप्प्याच्या वरच्या भागालाच जादा दर देणारी नवी योजना. तिसरा कागद पुढच्या मार्चपूर्वी निघाला नाही, तर पहिले दोन फार काळ टिकणार नाहीत.